कर्ज सोळा हप्त्यांत फिटते की पंचवीस?

वीस हजारांचे बिनव्याजी कर्ज आहे. पहिला हप्ता २,००० रुपयांचा आणि पुढचा प्रत्येक हप्ता आधीच्यापेक्षा १०० रुपयांनी कमी. मग कर्ज किती हप्त्यांत फिटेल? दहावीच्या अंकगणिती श्रेढीच्या धड्यात शोभेल असे हे गणित आहे.

हप्त्यांची संख्या n धरू. बहुतेक मुले चुकतात ती इथेच. पहिला हप्ता पुरा असतो, म्हणून n व्या हप्त्यापर्यंत घट n − 1 वेळाच होते. शेवटचा हप्ता आला 2000 − 100(n − 1). पहिल्या आणि शेवटच्या हप्त्याची सरासरी काढून तिला n ने गुणले की एकूण भरलेली रक्कम मिळते. ती २०,००० इतकी मांडून सोपे रूप दिले, की उरते:

n² − 41n + 400 = 0

याची उत्तरे दोन, १६ आणि २५. आता कोणते लिहायचे? सोळावा हप्ता ५०० रुपयांचा येतो आणि तिथे वीस हजार पुरे होतात. बीजगणित मात्र तिथे थांबत नाही. पुढचे हप्ते ४००, ३००, २००, १००, मग एकविसावा शून्य, आणि त्यानंतर उणे १०० ते उणे ४००. म्हणजे सावकारच पैसे परत देऊ लागला! जास्तीचे हजार रुपये असे परत येतात आणि पंचविसाव्या हप्त्याला बेरीज पुन्हा वीस हजारांवर येते. समीकरणाला हे चालते, व्यवहाराला नाही. म्हणून उत्तर १६. दोन उत्तरे आली, की प्रत्येकाचा शेवटचा हप्ता काढून पाहावा. तो उणे आला तर ते उत्तर सोडून द्यावे.

बँकेचे कर्ज अर्थातच बिनव्याजी नसते. १,२०,००० रुपये महिना एक टक्का दराने बारा महिन्यांसाठी घेतले आणि दरमहा १०,००० मुद्दल फेडली, तर व्याज १,२००, १,१००, असे उतरत १०० वर येते. ही अंकगणिती श्रेढीच झाली. तिची बेरीज ७,८००, म्हणून एकूण भरणा १,२७,८०० रुपये.

आपला नेहमीचा ईएमआय मात्र दरमहा सारखाच असतो. याच कर्जावर तो सुमारे १०,६६२ रुपये येतो. पहिल्या हप्त्यातले १,२०० व्याजाला गेले, की मुद्दलात जमा होतात ९,४६२. तेवढ्या मुद्दलावरचे एक टक्का व्याज पुढच्या महिन्यात वाचते आणि तेही मुद्दलातच जाते, म्हणून मुद्दलाचा वाटा दर महिन्याला १.०१ पट होत जातो. ही भूमितीय श्रेढी. पहिल्या सहा पदांची बेरीज ९,४६२ × (१.०१⁶ − १) ÷ ०.०१, म्हणजे सुमारे ५८,२१०. निम्मे हप्ते भरून झाले तरी कर्ज बंद करायला जाणाऱ्याकडे बँक साठ हजार नव्हे, जवळपास ६१,७९० रुपये मुद्दल मागते.