कमाल हृदयगती: सूत्राची आणि स्वतःची

स्पोर्ट्स वॉचमध्ये वय भरले की बहुतेक घड्याळे ते २२० मधून वजा करतात आणि उरलेला आकडा कमाल हृदयगती म्हणून धरतात. हे सूत्र १९७० च्या सुमारास रूढ झाले. ते फक्त सरासरी सांगते. एकाच वयाच्या निरोगी माणसांची कमाल गती त्याहून दहा-बारा ठोक्यांनी कमी-जास्त असणे नेहमीचे आहे. २००१ मधले तनाका यांचे सूत्र (२०८ वजा वयाची ०.७ पट) वयस्कांसाठी अधिक बरे, पण माणसामाणसांतला हा फरक तेही भरून काढत नाही.

समजा, धावपटू ४५ वर्षांचा आहे. सूत्राने त्याची कमाल गती १७५ ठरते आणि सोप्या धावण्याचा दुसरा झोन, ६० ते ७० टक्के, १०५ ते १२२ येतो. खरी कमाल गती १८८ असेल, तर हाच झोन ११३ ते १३२ होतो. १२८ ठोक्यांवर तो पूर्ण वाक्यांत आरामात गप्पा मारत धावत असतो, पण घड्याळ त्याला तिसऱ्या झोनमध्ये दाखवून वेग कमी करायला लावते.

खरा आकडा मोजण्यासाठी चढाचा रस्ता सोयीचा. पंधरा मिनिटे हळूहळू अंग तापवावे. मग दोन-तीन मिनिटे जोरात चढून सावकाश उतरावे. असे तीनदा करावे आणि शेवटच्या चढात सगळा जोर लावावा. त्यात दिसलेला सर्वांत मोठा आकडा कमाल गतीच्या जवळचा असतो. थकवा किंवा ताप असताना चाचणी करू नये. हृदयविकार, छातीत दुखणे किंवा रक्तदाबाचा त्रास असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. बीटा-ब्लॉकर गोळ्यांनी कमाल गती खाली येते, त्यामुळे त्या घेणाऱ्यांना सूत्र मुळीच लागू पडत नाही.

चाचणीत छातीचा पट्टा वापरलेला बरा. मनगटावरचा प्रकाश-सेन्सर कधीकधी हृदयाऐवजी पावलांचा ताल मोजतो. सोप्या धावण्यात आकडा अचानक १७० वर जाऊन तिथेच चिकटला आणि मिनिटाची पावलेही तेवढीच असतील, तर तो खोटा समजावा. घड्याळाची कमाल गती आपोआप शोधण्याची सोय अशाच उसळीला फसू शकते. म्हणून स्वतः आकडा भरल्यावर ती बंद ठेवावी.

झोन कशाच्या टक्क्यांत मोजायचे, हेही सेटिंगमध्ये निवडावे लागते. विश्रांतीची गती धरून मोजण्याच्या पद्धतीत १८८ मधून ५६ वजा होतात, उरलेल्या १३२ चे टक्के काढून त्यांत ५६ परत मिळवतात. मग ६० ते ७० टक्के म्हणजे १३५ ते १४८. टक्के तेच, ठोके वेगळे. म्हणून प्रशिक्षणाचा आराखडा ज्या पद्धतीने लिहिला आहे, तीच घड्याळात ठेवावी.