महागाईच्या दिवसांत मुद्दलाचें रक्षण

निवृत्तीच्या वेळीं हातीं आलेली रक्कम सुरक्षित जागीं ठेवावी आणि तिच्या व्याजावर घर चालवावें, ही पुण्यांतील मध्यमवर्गीय कुटुंबांची जुनी रीत आहे. या रीतींत सुरक्षितपणाचा अर्थ एवढाच घेतला जातो कीं, दहा लाख ठेवले तर मुदतीअखेर दहा लाख परत मिळावे. परंतु दहा लाख हा आंकडा परत मिळणें निराळें, आणि त्या दहा लाखांत जें धान्य, जें औषध, जें घरभाडें भागत होतें तें पुन्हां भागणें निराळें. पहिल्या गोष्टीची हमी सरकारी कर्जरोखा देतो. दुसरीची हमी कोणता रोखा देतो आणि किती देतो, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम ठरीव व्याजाच्या रोख्याचें काय होतें तें पाहूं. उदाहरण आपल्या शहरांतलेंच आहे. जून 2017 मध्यें पुणें महानगरपालिकेनें चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठीं 200 कोटि रुपयांचे कर्जरोखे काढले. मुदत दहा वर्षांची आणि व्याज वार्षिक 7.59 टक्के. अशा रोख्याचें व्याज दहा वर्षें तेंच राहतें. मध्यंतरीं बाजारांतील व्याजाचा दर चढला तर काय व्हावें? समजा मुदतीचीं पांच वर्षें उरलीं असतां तशाच पतीचा नवा रोखा साडेआठ टक्के देऊं लागला. मग जुना रोखा शंभर रुपयांस कोण घेईल? हिशेब केला तर त्याची किंमत सुमारें 96 रुपये 40 पैसे येते. विकणारा तोटा सोसतो, आणि न विकणारा कमी व्याजावर अडकून राहतो. त्यांतच महागाई वाढली तर मिळणाऱ्या व्याजाची खरेदीशक्तिही घटते. म्हणजे धोके दोन आहेत, व्याजदराचा आणि भाववाढीचा. त्यांवरचे उपायही दोन आहेत, आणि ते एकच आहेत असें समजणें ही या विषयांतील सर्वांत सामान्य गैरसमजूत होय.

पहिला उपाय बदलत्या व्याजाचा रोखा. यांत व्याज एकदांच न ठरवितां ठराविक काळानें दुसऱ्या एखाद्या दराच्या अनुरोधानें पुन्हां ठरवितात. गृहस्थांच्या उपयोगाचा असा रोखा भारत सरकारनें 1 जुलै 2020 पासून रिझर्व्ह बँकेच्या मार्फत विकावयास काढला. त्याची मुदत सात वर्षांची आहे. राष्ट्रीय बचतपत्राचा जो दर असेल त्याहून 0.35 टक्का अधिक व्याज तो देतो, आणि दर 1 जानेवारीस व 1 जुलैस हा दर पुन्हां ठरतो.

आतां त्या पहिल्या दिवशीं कोणी दहा लाख रुपये गुंतविले असें धरूं. त्या वेळीं बचतपत्राचा दर 6.8 टक्के होता, म्हणून रोख्याचा 7.15 झाला आणि सहामाही व्याज 35,750 रुपये आलें. हाच आंकडा ओळीनें पांच सहामाह्या, म्हणजे 2022 च्या अखेरपर्यंत कायम राहिला. जानेवारी 2023 मध्यें दर 7.35 झाला व सहामाही व्याज 36,750 रुपये. त्याच वर्षीच्या जुलैपासून दर 8.05 झाला व व्याज 40,250 रुपये. ठरीव व्याजाच्या रोख्यांत ही वाढ मिळाली नसती.

पण तारखांकडे बारकाईनें पाहावें. एप्रिल 2022 मध्यें महागाईचा दर 7.79 टक्क्यांवर गेला होता. मे महिन्यापासून रिझर्व्ह बँकेनें आपला रेपो दर चार टक्क्यांवरून चढविण्यास आरंभ केला व डिसेंबरपर्यंत तो 6.25 वर नेला. या सर्व काळांत आपल्या रोख्याचें व्याज 7.15 वरून हललें नाहीं. याचें कारण असें कीं, बचतपत्राचा दर बाजार ठरवीत नाहीं. सरकार तो दर तिमाहीस जाहीर करतें, आणि वाटल्यास तसाच ठेवतें. रोखा बदलत्या व्याजाचा खरा, परंतु तो ज्या खुंटीला बांधला आहे ती खुंटी सरकारच्या हातीं आहे.

हें परावलंबन दोन्ही बाजूंनीं घडतें. 31 मार्च 2021 रोजीं बचतपत्राचा दर 6.8 वरून 5.9 टक्क्यांवर आणल्याचें जाहीर झालें आणि दुसऱ्याच दिवशीं सकाळीं ती आज्ञा मागें घेण्यांत आली. ती टिकती तर त्या जुलैपासून आपल्या रोख्याचें व्याज 6.25 झालें असतें. उलटपक्षीं 2025 सालीं रेपो दर 6.5 वरून 5.25 पर्यंत उतरला, तरी बचतपत्राचा दर 7.7 च राहिला आणि रोखेधारकास वर्षअखेरपर्यंत 8.05 टक्के मिळत राहिले. तेव्हां बदलत्या व्याजाच्या कोणत्याही रोख्याविषयीं पहिला प्रश्न हाच विचारावा कीं, व्याज कशाला बांधलें आहे व तें किती महिन्यांनीं बदलतें. भारत सरकारचे दुसरे कांहीं बदलत्या व्याजाचे रोखे 182 दिवसांच्या ट्रेझरी बिलांच्या लिलावांतील दराला बांधलेले असतात. ते बाजाराबरोबर लवकर चढतात आणि तितक्याच लवकर उतरतात.

आतां मुद्दलाकडे वळूं. या रोख्याचें मुद्दल सात वर्षांनीं दहा लाखच परत येतें. 2020-21 सालीं सरासरीनें शंभर रुपयांस येणारी गृहस्थी 2024-25 सालीं सुमारें 124 रुपयांची झाली. म्हणजे चारच वर्षांत दहा लाखांची खरेदीशक्ति जुन्या हिशेबानें आठ लाखांच्या आसपास आली. चढत्या व्याजानें ही झीज भरून काढतां येते, पण तें सगळें व्याज खर्चून टाकलें नाहीं तरच. दहा लाखांवर 8.05 टक्क्यांनीं वर्षाचे 80,500 रुपये येतात. त्या वर्षी महागाई 4.6 टक्के असेल तर त्यांतले 46,000 रुपये मुद्दलाची झीज भरण्याचे. खरी मिळकत 34,500 रुपयांचीच, आणि प्राप्तिकर द्यावयाचा तो सबंध 80,500 वर. ज्याला तीस टक्क्यांचा कर व त्यावरील उपकर लागतो त्याच्या पदरीं 8.05 पैकीं सुमारें साडेपांच टक्केच पडतात.

हीच झीज आपोआप भरून यावी, हा दुसऱ्या उपायाचा, महागाईच्या निर्देशांकाशीं जोडलेल्या रोख्याचा हेतु. कल्पना जुनी आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धांत 1780 सालीं मॅसॅच्युसेट्स संस्थानानें आपल्या सैनिकांना दिलेल्या रोख्यांची रक्कम मका, गोमांस, लोंकर आणि कातडें यांच्या ठराविक वजनमापांच्या किमतीशीं बांधली होती. आपल्याकडे 1997 च्या डिसेंबरांत भारत सरकारनें पांच वर्षांचा असा रोखा प्रथम काढला. त्यांत मुद्दलच तेवढें घाऊक किमतींच्या निर्देशांकाबरोबर वाढत असे. जून 2013 मध्यें काढलेला दहा वर्षांचा रोखाही घाऊक निर्देशांकालाच जोडलेला होता. परंतु घाऊक निर्देशांकांत घरभाडें, शाळेची फी, डॉक्टरचें बिल हीं येत नाहींत. 2015 सालीं हा निर्देशांक चक्क उतरत होता, आणि गृहस्थाचा खर्च मात्र सुमारें पांच टक्क्यांनीं चढत होता. छत्री होती, पण ती दुसऱ्याच्या डोक्यावर धरलेली.

ही उणीव ओळखून डिसेंबर 2013 मध्यें खास गृहस्थांसाठीं जें बचतपत्र निघालें तें ग्राहक किंमत निर्देशांकाला जोडलें होतें. महागाईचा जो दर असेल तो, आणि वर दीड टक्का, असें व्याज सहामाहीनें मुद्दलांत मिळत जाऊन दहा वर्षांनीं एकदम हातीं यावयाचें. भाव उतरले तरी दीड टक्का मिळणारच होता. रचना उत्तम होती, तरीही लोकांनीं तिच्याकडे पाठ फिरविली. दरमहा घरखर्चाला व्याज हवें असणाऱ्यास तें मिळत नव्हतें; करांतही सवलत नव्हती; आणि त्या वेळीं बँकांच्या मुदतठेवींवर साडेआठ-नऊ टक्के सहज मिळत होते.

पुढें काय झालें? 2014-15 पासून 2023-24 पर्यंतच्या दहा वर्षांत महागाई सरासरी सुमारें पांच टक्के राहिली. त्यामुळें या बचतपत्राचें उत्पन्न साडेसहा टक्क्यांच्या आसपास पडलें, आणि 2013 सालीं दीर्घ मुदतीची ठेव करणारा त्याच्या पुढें गेला. यावरून जोडरोखा निरुपयोगी ठरत नाहीं. 2013 च्या अखेरीस महागाई अकरा टक्क्यांवर होती, आणि तें भय मुदतठेवींच्या चढ्या व्याजांत आधींच मिसळलेलें होतें. ठेव करणाऱ्याला त्या भयाची किंमत मिळाली आणि भय खरें ठरलें नाहीं. तें खरें ठरतें, तर जिंकणारा दुसरा असता. जोडरोखा हा विम्यासारखा आहे. ज्या वर्षीं घराला आग लागली नाहीं त्या वर्षींचा हप्ता वायां गेला असें शहाणा मनुष्य म्हणत नाहीं; पण हप्ता किती, हें तो अवश्य पाहतो.

हा विमा कोणाला अधिक अगत्याचा? सरकारी निवृत्तिवेतन घेणाऱ्यास महागाई भत्ता निर्देशांकाप्रमाणें वाढून मिळतो. म्हणजे त्याच्या घरीं एक जोडरोखा आधींच आहे. खासगी नोकरींतून निवृत्त झालेल्या आणि ठरीव वार्षिकीवर राहणाऱ्या गृहस्थाजवळ तो नाहीं. अशानें आपल्या रकमेचा कांहीं भाग बदलत्या व्याजाच्या सरकारी रोख्यांत ठेवावा, आणि व्याजांतून महागाईइतका हिस्सा दरवर्षी बाजूला काढून त्याचाच नवा रोखा घ्यावा. रोखा हजार रुपयांपासून मिळतो व त्याला वरची मर्यादा नाहीं, म्हणून हें करतां येतें. असें केलें कीं बाजारांत न मिळणारा जोडरोखा घरच्या घरीं तयार होतो.

मात्र सगळी पुंजी त्यांत घालूं नये. हा रोखा विकतां येत नाहीं आणि त्याच्या तारणावर कर्जही मिळत नाहीं. मुदतीपूर्वीं पैसे परत मिळतात ते ज्येष्ठांनाच: साठ ते सत्तर वयाच्या धारकास सहा वर्षांनीं, सत्तर ते ऐंशींच्या धारकास पांच वर्षांनीं, आणि त्यापुढील वयाच्या धारकास चार वर्षांनीं, तेंही शेवटच्या सहामाहीचें निम्में व्याज सोडून. आजारपणाचा पैसा म्हणून निराळ्या ठेवींतच असावा. उरलेल्या रकमेचा हिशेब मांडतांना वर्षाला एकदां एवढेंच पाहावें कीं, आलेल्या व्याजांतून कर आणि महागाई वजा जातां कांहीं उरलें कीं नाहीं. उरलें असेल तर तेवढेंच आपलें खरें व्याज. न उरल्यास आपण मुद्दलच खात आहों, मग पासबुकांतला आंकडा कांहींही सांगो.