मोरीच्या संकल्पन अहवालातील जलविज्ञान विभाग

मोरीच्या संकल्पन अहवालातील जलविज्ञान विभाग म्हणजे रस्त्याखालून किंवा लोहमार्गाखालून जाणाऱ्या ओढ्यातून जास्तीत जास्त किती पाणी येईल, असे गृहीत धरले आहे आणि ते का धरले आहे, हे सांगणारा भाग होय. भारतातील रस्तेबांधणीत साधारणतः सहा मीटरपर्यंत लांबीच्या बांधकामास मोरी म्हणतात. त्याहून मोठे बांधकाम पुलात मोडते. अशा लहान ओढ्यांवर प्रवाहमापन केंद्रे बहुधा नसतात. त्यामुळे मोरीचा पूर मोजलेला नसतो, तो पावसावरून काढलेला असतो. या विभागात म्हणूनच तीन गोष्टी स्पष्ट लिहाव्या लागतात: पावसाची आकडेवारी कोठून घेतली, पाणलोट क्षेत्राविषयी काय गृहीत धरले आणि पुनरावर्तन काल किती निवडला. पुढील मोरीचा गाळा, उंची आणि रस्त्याची पातळी या सर्वांचा आधार येथे काढलेला एकच आकडा असतो. त्यास संकल्पित विसर्ग म्हणतात व तो घनमीटर प्रति सेकंद या एककात देतात.

## पावसाची आकडेवारी

अहवालात प्रथम पर्जन्यमापक केंद्राचे नाव, त्याचे कामाच्या जागेपासूनचे अंतर आणि नोंदींची वर्षे दिलेली असतात. वार्षिक सरासरी पाऊस येथे फारसा उपयोगी पडत नाही. ओढ्याला पूर येतो तो थोड्या वेळात कोसळलेल्या पावसाने. म्हणून प्रत्येक वर्षातील एका दिवसाचा सर्वाधिक पाऊस निवडून त्यांची मालिका तयार करतात.

या मालिकेत एक बारीक त्रुटी दडलेली असते. भारतीय हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी ८.३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८.३० असा मोजला जातो. पहाटे सुरू होऊन दुपारपर्यंत चाललेला एकच पाऊस अशा वेळी दोन दिवसांत विभागला जातो आणि कोणत्याच दिवसाचा आकडा मोठा दिसत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी एक दिवसाच्या आकड्याला सुमारे १.१३ ने गुणून खरा चोवीस तासांचा पाऊस काढण्याची पद्धत आहे. अहवालात हा गुणक लावला आहे की नाही, हे लिहिलेले नसेल तर वाचणाऱ्याला आकडा तपासता येत नाही.

केंद्र किती दूर आहे हा प्रश्नही औपचारिक नाही. २६ जुलै २००५ रोजी सुरू झालेल्या चोवीस तासांत मुंबईत सांताक्रूझ केंद्रावर ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर त्याच शहरातील कुलाबा केंद्रावर तो ७४ मिलिमीटरच्या आत राहिला. सह्याद्रीच्या घाटमाथ्यापासून पूर्वेकडे जाताना तर काही किलोमीटरच्या अंतरात पावसाचे मान झपाट्याने उतरते. तालुक्याच्या गावातील पर्जन्यमापक जवळ आहे एवढ्यावरून त्याचा आकडा डोंगराच्या कुशीतल्या ओढ्याला लावणे धोक्याचे ठरते.

## पाणलोट क्षेत्राची गृहीतके

मोरीच्या जागेपासून वर जाणारी पाणलोटाची सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलदर्शक नकाशावरून आखतात. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर १२० हेक्टरांचे क्षेत्र जेमतेम पाच चौरस सेंटिमीटर जागा व्यापते आणि समोच्च रेषांमध्ये सामान्यतः २० मीटरांचे अंतर असते. एवढ्या लहान आकृतीत एखादी टेकडीची धार चुकली तरी क्षेत्रफळात मोठा फरक पडतो. शिवाय नकाशा छापल्यानंतर झालेला कालवा, नवा रस्ता किंवा त्याच्या कडेची गटारे शेजारच्या पाणलोटाचे पाणी या ओढ्यात आणून सोडू शकतात. म्हणून पाणलोटाची धार प्रत्यक्ष चालून पाहिल्याचा उल्लेख चांगल्या अहवालात असतो.

क्षेत्रफळानंतर सर्वांत दूरच्या बिंदूपासून मोरीपर्यंतच्या प्रवाहमार्गाची लांबी आणि त्यातील उतार मोजतात. यांवरून संकेंद्रण काल, म्हणजे त्या टोकाला पडलेले पाणी मोरीपर्यंत पोहोचण्यास लागणारा वेळ, काढतात. पाऊस निदान तेवढा वेळ टिकला तरच संपूर्ण पाणलोटाचे पाणी एकाच वेळी मोरीवर येते. त्यामुळे पावसाची तीव्रता याच कालावधीसाठी घ्यावी लागते. लहान, उताराच्या पाणलोटात हा काल अर्ध्या तासाहूनही कमी असतो. दिवसभराचा पाऊस चोवीस तासांत सारखा वाटून काढलेली तीव्रता तेथे अगदीच निरर्थक ठरते.

तिसरे गृहीतक अपधाव गुणांकाचे. पडलेल्या पावसापैकी किती अंश वाहून येतो, ते हा गुणांक सांगतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या लहान पूल व मोऱ्यांसाठीच्या मार्गदर्शिकेत (एसपी-१३) उघड्या उताराच्या खडकासाठी ०.९०, कठीण उघड्या चिकण जमिनीसाठी ०.६०, विरळ झाडोरा असलेल्या चिकण जमिनीसाठी ०.५०, थोड्या लागवडीच्या पोयट्याच्या जमिनीसाठी ०.४० अशी मूल्ये दिली आहेत. कोष्टकातील ही मूल्ये स्वच्छ दिसतात, पण एकाच पाणलोटात वर मुरमाड माळ, मध्ये शेते आणि खाली वस्ती असते. कोणत्या ओळीत बोट ठेवायचे, हा निर्णय अखेर डोळ्यांनी पाहणाऱ्याचा असतो.

## पुनरावर्तन काल

पंचवीस वर्षे पुनरावर्तन कालाचा पाऊस म्हणजे दर पंचवीस वर्षांनी एकदा येणारा पाऊस, असा समज सर्वत्र आढळतो व तो चुकीचा आहे. असा किंवा त्याहून मोठा पाऊस कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता पंचविसात एक, म्हणजे चार टक्के आहे, एवढाच त्याचा अर्थ. तो लागोपाठ दोन वर्षेही येऊ शकतो. पंचवीस वर्षांच्या अवधीत तो एकदा तरी येण्याची शक्यता पुढीलप्रमाणे निघते:

1 − (1 − 1/25)^25 = 0.64

म्हणजे पंचवीस वर्षांचा पूर धरून बांधलेली मोरी पंचवीस वर्षांत एकदा तरी अपुरी पडण्याची शक्यता ६४ टक्के आहे. पन्नास वर्षांचा पूर धरला तरी त्याच अवधीत ती सुमारे ४० टक्के राहते. काल निवडताना मोरी ओलांडून पाणी गेल्यास काय होईल, हे पाहतात. शेतरस्ता तासाभरासाठी बंद पडणे आणि गावाचा एकमेव रस्ता वाहून जाणे यांत मोठे अंतर आहे. अहवालात नुसता आकडा न देता हे कारण लिहिणे अपेक्षित असते.

## एक सोडवलेले उदाहरण

पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. पश्चिम महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेतील एका ग्रामीण रस्त्यावर मोरी बांधावयाची आहे. पाणलोट १२० हेक्टर, प्रवाहमार्ग १.८ किलोमीटर, त्यातील पातळीचा फरक ४५ मीटर. जवळच्या केंद्राच्या तीस वर्षांच्या नोंदींत वर्षातील सर्वाधिक एकदिवसीय पावसाची सरासरी ७२ मिलिमीटर आणि प्रमाण विचलन २८ मिलिमीटर आहे.

कमाल मूल्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या गुंबेल वितरणानुसार पंचवीस वर्षांसाठी सरासरीत प्रमाण विचलनाच्या २.०४ पट मिळवावे लागतात. त्यावरून एकदिवसीय पाऊस १२९ मिलिमीटर येतो आणि १.१३ ने गुणल्यावर चोवीस तासांचा पाऊस १४६ मिलिमीटर, म्हणजे १४.६ सेंटिमीटर होतो. संकेंद्रण काल एसपी-१३ मधील सूत्राने काढता येतो. त्यात L किलोमीटरमध्ये, H मीटरमध्ये आणि उत्तर तासांत असते:

tc = (0.87 L³ / H)^0.385 = 0.43

हा काल सुमारे २६ मिनिटे झाला. त्याच मार्गदर्शिकेच्या रीतीने चोवीस तासांच्या पावसावरून एका तासाची तीव्रता ७.६ सेंटिमीटर येते. म्हणजे दिवसाचा निम्म्याहून अधिक पाऊस एकाच तासात पडतो असे ही रीत गृहीत धरते. २६ मिनिटांसाठी तीव्रता ताशी १०.६ सेंटिमीटर होते. आता विसर्गाचे सूत्र असे:

Q = 0.028 P f A I

येथे P अपधाव गुणांक, A हेक्टरमधील क्षेत्र, I ताशी सेंटिमीटरमधील तीव्रता आणि f हा पाऊस सर्व क्षेत्रावर सारखा न पडल्याबद्दलचा घटक आहे. एवढ्या लहान पाणलोटासाठी तो १ धरता येतो. शेतीची जमीन म्हणून ०.४० हा गुणांक घेतल्यास विसर्ग १४.३ घनमीटर प्रति सेकंद येतो.

हेच गणित पन्नास वर्षांसाठी केले तर विसर्ग १६ होतो, म्हणजे बारा टक्क्यांनी वाढतो. पण पुनरावर्तन काल तसाच ठेवून गुणांक ०.४० ऐवजी ०.६० धरला, तर तोच विसर्ग २१.४ वर जातो. ही वाढ पन्नास टक्के आहे. चर्चा सर्वाधिक होते ती पुनरावर्तन कालाची, आणि मोरीचा आकार मात्र अधिक हलतो तो कोष्टकातल्या एका ओळीने. पुनरावर्तन काल दुप्पट करून सुरक्षिततेची ग्वाही देणारा, पण गुणांकाचे कारण न सांगणारा अहवाल म्हणूनच अपुरा समजावा.

## पडताळणी

गुणांकाचा हा वाद जागेवरील खुणांनी बराचसा मिटतो. वरील ओढ्यात काठच्या झाडांवर अडकलेला कचरा आणि देवळाच्या पायरीवर ग्रामस्थांनी दाखवलेली पुराची पातळी जुळली, त्या पातळीला ओढ्याचा छेद ७.५ चौरस मीटर भरला आणि उतार व पात्राचा खडबडीतपणा यांवरून वेग सेकंदाला २.३ मीटर निघाला, असे समजू. मग त्या पुराचा विसर्ग सुमारे १७ घनमीटर प्रति सेकंद झाला. तो पूर जर वीस-पंचवीस वर्षांतील सर्वांत मोठा असेल, तर ०.४० हा गुणांक कमी पडतो आणि ०.५० घेतल्यावर येणारा १७.८ हा विसर्ग अधिक विश्वसनीय ठरतो. वरच्या बाजूचा मुरमाड माळ हे त्याचे कारण अहवालात नोंदवता येते. मात्र ग्रामस्थांनी दाखवलेली पातळी जुन्या, अरुंद मोरीमागे तुंबलेल्या पाण्याची तर नाही ना, हे आधी पाहावे लागते. तसे असल्यास त्या खुणेवरून काढलेला विसर्ग फसवा असतो. म्हणून खूण मोरीपासून वरच्या बाजूस पुरेशी दूर घेतात.

अनुभवजन्य सूत्रांचा आधार याहून सैल असतो. १८६५ मधील डिकन्स सूत्रात क्षेत्राच्या पाऊण घाताला एका स्थिरांकाने गुणतात. स्थिरांक १२ घेतल्यास येथे १३.८ हे उत्तर येते. इंग्लिस सूत्र याच क्षेत्रासाठी सुमारे ४४ देते, कारण ते सह्याद्रीतील मुसळधार पावसाच्या पाणलोटांवरून बसवलेले आहे. पर्जन्यछायेत ते लावले तर मोरी विनाकारण अडीच पटीने मोठी होते. यांपैकी कोणत्याही सूत्रात पुनरावर्तन काल येत नाही. त्यामुळे «डिकन्स सूत्राने पंचवीस वर्षांचा पूर» असे वाक्य एखाद्या अहवालात आढळल्यास ते सूत्र न समजता वापरले आहे, हे ओळखता येते.

काढलेला विसर्ग पाणलोटाच्या त्या वेळच्या स्थितीचा असतो. वरच्या शेतजमिनी बिनशेती होऊन तेथे घरे आणि काँक्रीटचे रस्ते झाले, तर गुणांक वाढतो आणि संकेंद्रण काल कमी होतो. दोहोंचा परिणाम पूर वाढण्याकडेच असतो. त्याचप्रमाणे फांद्या, ऊस आणि प्लास्टिक अडकून मोरीचे तोंड अर्धे बुजते, ही शक्यता कोणत्याही सूत्रात धरलेली नसते. तिची तजवीज गाळ्याची रुंदी आणि उंची ठरवताना, अहवालाच्या पुढील भागात, वेगळी करावी लागते.