मंदीवाल्यांची कोंडी

शेअर बाजारात स्वस्तात घ्यावं आणि महाग विकावं, हे कुणालाही सांगावं लागत नाही. हाच क्रम उलटा फिरवता येतो, म्हणजे आधी महाग विकायचं आणि मग स्वस्तात घ्यायचं, असं कुणी म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, जे आपल्याकडे नाहीच ते विकणार कसं? तर उसनं आणून. याला शॉर्ट सेलिंग म्हणतात. भाव पडेल अशा खात्रीने हा धंदा करणारे ते मंदीवाले.

शेअर उसने देणारे लोक बहुधा मोठे आणि निवांत असतात: पेन्शन फंड, म्युच्युअल फंड, विमा कंपन्या. त्यांना ते शेअर वर्षानुवर्षं विकायचे नसतात. नुसते पडून असण्यापेक्षा काही दिवस कुणाला वापरायला दिले तर भाडं सुटतं. घेणारा तारण ठेवतो, भाडं भरतो आणि मधल्या काळात कंपनीने लाभांश दिला तर तेवढी रक्कम मूळ मालकाला स्वतःच्या खिशातून देतो. एक गोष्ट नवखे लोक विसरतात. परत करायचे असतात ते शेअर, पैसे नव्हेत. हजार शेअर आणले तर हजार शेअरच परत द्यायचे, मग त्या दिवशी बाजारात त्यांचा भाव काहीही असो. शिवाय बऱ्याच करारांत मालकाला ते मुदतीआधी परत मागता येतात.

भारतातही शेअर उसने देण्याघेण्याची सोय 2008 पासून आहे, पण सामान्य माणूस तिच्या वाटेला फारसा जात नाही. तो सकाळी विकतो आणि बाजार बंद व्हायच्या आत परत घेतो. त्यातही एक खड्डा आहे. विकलेला शेअर दुपारी अप्पर सर्किटला जाऊन चिकटला तर विकणारा कुणी उरत नाही, सौदा कापता येत नाही आणि डिलिव्हरी देण्याची जबाबदारी अंगावर येते. मग एक्स्चेंज लिलावातून शेअर मिळवतं आणि फरक व दंड त्या माणसाच्या खात्यातून वळते होतात. पुढे जे सांगणार आहे त्याची ही छोटी आवृत्तीच समजा.

मोठी आवृत्ती पाहायची तर जर्मनीत जावं लागेल, ऑक्टोबर 2008 मध्ये. लेहमन ब्रदर्स बुडून महिना झाला होता, जगभर मोटारींची विक्री कोसळत होती आणि फोक्सवॅगनचा साधा शेअर मात्र 200 युरोंच्या वर टिकून होता. याच कंपनीचा बिनमताधिकाराचा प्रेफरन्स शेअर त्याच्या तुलनेत फारच स्वस्त होता. अनेक हेज फंडांनी हिशेब मांडला की ही तफावत टिकणार नाही. त्यांनी साधे शेअर उसने घेऊन विकले. हिशेब वेडेपणाचा मुळीच नव्हता, धंद्याच्या दृष्टीने तो बरोबरच होता.

एका फंडाने 24 ऑक्टोबरच्या शुक्रवारी सुमारे 210 युरोंच्या भावाने 1,000 शेअर विकले असं धरू. हातात 2,10,000 युरो आले. कंपनी पार बुडाली, शेअर शून्यावर गेला, तरी त्याचा नफा याहून एक युरोही जास्त होऊ शकत नाही. तोट्याचं तसं नाही. 210 चा शेअर 400 झाला तर 1,90,000 चा तोटा, 800 झाला तर 5,90,000 चा. भावाला वर कुठेही छत नाही, म्हणून पुस्तकात या तोट्याला अमर्याद म्हणतात. शेअर विकत घेणाऱ्याचं फार तर घातलेलं भांडवल जातं आणि भाव पडत गेला तरी तो हातावर हात ठेवून बसू शकतो. मंदीवाल्याला बसता येत नाही. भाव चढेल तसा ब्रोकर रोज जास्त मार्जिन मागतो. ते भरलं नाही तर ब्रोकर स्वतःच शेअर खरेदी करून सौदा मिटवतो.

रविवारी, 26 ऑक्टोबरला, पोर्शे कंपनीने एक निवेदन काढलं. आपल्याकडे फोक्सवॅगनचे 42.6 टक्के साधे शेअर आहेत आणि आणखी 31.5 टक्क्यांवर ऑप्शन करार आहेत, असं त्यात होतं. हे ऑप्शन रोखीने मिटणारे होते. अशा करारांचा तपशील जाहीर करण्याची सक्ती त्या काळी नव्हती, त्यामुळे बाजाराला त्यांचा आकार ठाऊकच नव्हता. हे करार विकणाऱ्या बँका स्वतःची जोखीम झाकण्यासाठी सहसा तेवढे शेअर घेऊन ठेवतात, म्हणजे तो मालही अडकलेला. दोन्ही मिळून 74.1 टक्के झाले. लोअर सॅक्सनी राज्य सरकारकडे आणखी 20 टक्क्यांच्या वर होते आणि ते विकणार नव्हतं. खुल्या बाजारात उरले जेमतेम 6 टक्के. मंदीवाल्यांनी विकलेले होते सुमारे 12 ते 13 टक्के.

शनिवारपर्यंत 12 टक्क्यांची शॉर्ट विक्री कुणालाच भयंकर वाटत नव्हती, कारण मोकळे शेअर त्याहून कितीतरी जास्त आहेत अशी सगळ्यांची समजूत होती. मंदीवाल्यांनी एकही नवा सौदा केला नाही. मोकळ्या शेअरांचा आकडा एका निवेदनाने आक्रसला आणि तेच सौदे गळफास बनले. या साऱ्या प्रकरणात मला हीच गोष्ट सर्वांत बोलकी वाटते.

सोमवारी सगळे एकाच दाराकडे धावले. सौदा मिटवायचा तर खरेदी करावी लागते, खरेदीने भाव चढतो, चढलेल्या भावाने पुढच्याचं मार्जिन संपतं आणि तोही खरेदीला येतो. यालाच शॉर्ट स्क्वीझ म्हणतात. यातल्या कुणालाही फोक्सवॅगन आवडत होती म्हणून तो घेत नव्हता, सुटायचं होतं म्हणून घेत होता. सोमवारी शेअर 520 युरोंवर बंद झाला. मंगळवारी काही क्षण तो 1,005 वर गेला आणि कागदोपत्री फोक्सवॅगन एक्सॉनमोबिललाही मागे टाकून जगातली सर्वांत मौल्यवान कंपनी ठरली. आपल्या 1,000 शेअरवाल्या फंडाने तेव्हा हात टेकले असते तर त्याचा तोटा 7,95,000 युरो झाला असता, म्हणजे जास्तीत जास्त मिळू शकणाऱ्या नफ्याच्या पावणेचार पट.

कोंडी फुटली ती पुरवठ्यानेच. बुधवारी पोर्शेने आपल्या करारांतले 5 टक्क्यांपर्यंतचे शेअर मोकळे करण्याची तयारी दाखवली आणि भाव जवळपास निम्म्यावर आला.

मुंबईला हा खेळ नवा नव्हता. 1982 मध्ये मंदीवाल्यांनी रिलायन्सचे शेअर जवळ नसताना विकले. कंपनीच्या बाजूच्या दलालांनी ते उचलत नेले आणि वलणाच्या दिवशी रोखीने डिलिव्हरी मागितली. माल कुणाकडेच नव्हता, आणि बाजार काही दिवस बंद ठेवावा लागला.

मंदीवाल्यांचं मत पुढे खरं ठरलं. शेअर खाली आलाच, पण ते पाहायला त्यांच्यातले बरेच जण बाजारात उरले नव्हते. पोर्शेही सुखात राहिली नाही. शेअर गोळा करताना चढलेलं कर्ज तिला पेलेना आणि 2012 पर्यंत तिचा मोटारींचा सगळा धंदा उलट फोक्सवॅगनच्याच ताब्यात गेला. बाजारात लबाडी केल्याच्या आरोपांतून पोर्शेचे तेव्हाचे प्रमुख वेंडेलिन वीडेकिंग आणि अर्थप्रमुख होल्गर हेर्टर यांना श्टुटगार्टच्या न्यायालयाने 2016 मध्ये निर्दोष सोडलं. रोखीने मिटणारे असे करारही जाहीर करावे लागतील असा नियम जर्मनीने मधल्या काळात करून टाकला होता.