सर, आज नको. उद्या चारला या!

दुपारचे दोन वाजलेत. शेजारच्या शिवारात ऊसतोड सुरू आहे आणि अचानक आरडाओरडा होतो. सरीत बिबट्याचे दोन बछडे सापडलेत. तोड थांबते, वन खात्याला फोन जातो. आणि तुमच्या डोक्यात पहिला विचार येतो तो अकाउंट्सच्या सरांचा. ते साडेपाचला मंचरहून गाडीवर तुमच्या घरी शिकवायला निघणार आहेत, ते याच रस्त्याने.

जुन्नर-आंबेगावात हा प्रसंग काही नवा नाही. उसात बिबट्याची मादी पिल्लं देते आणि तोडीच्या हंगामात ती सापडतात. पिल्लांची तपासणी करून वन खात्याची माणसं आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारण केंद्रातले डॉक्टर बहुतेक वेळा त्यांना त्याच जागी परत ठेवतात. आई अंधार पडल्यावर येते आणि त्यांना घेऊन जाते. म्हणून त्या संध्याकाळी त्या बाजूला कुणी फिरकू नये, असं सांगितलं जातं. पिल्लं शोधणारी आई सैरभैर असते.

म्हणजे क्लास पुढे ढकलावाच लागणार. प्रश्न एवढाच, की सांगायचं कसं?

किक मारायच्या आधी

पहिली चूक होते ती उशिराची. 'सरांना काय वाटेल' या विचारात आपण वेळ घालवतो आणि तोवर सर निम्म्या रस्त्यात असतात. कळल्या कळल्या सांगा. आधी फोन करा, उचलला नाही तर मेसेज टाका. निळी टिक दिसली नाही तर पुन्हा फोन. गाडीवर असताना कुणी मेसेज वाचत नाही.

दुसरी चूक लांबणीची. 'सॉरी सर, खूप सॉरी, प्लीज रागावू नका' या तीन ओळींनंतर मुद्दा येतो. त्यापेक्षा असं लिहा:

'नमस्कार सर. आमच्या रस्त्यालगतच्या उसात बिबट्याचे बछडे सापडलेत. आई रात्री येईल, म्हणून आजचा क्लास नको. उद्या गुरुवारी ४ ते ५ किंवा शनिवारी सकाळी ९ ते १०, यातलं तुम्हाला काय जमेल? आज सातपर्यंत कळवलंत तर मी घरी तसं सांगून ठेवते. ऐनवेळी सांगतेय, त्याबद्दल सॉरी.'

कारण एका ओळीत, नकार स्पष्ट, दोन नेमक्या वेळा आणि माफी एकदाच. 'तुम्हाला जमेल तेव्हा या' असं लिहिलं, की वेळ ठरवायचं ओझं सरांवर पडतं आणि क्लास राहून जातो.

'मी सातला येतो गं!'

खरी कसोटी इथून पुढे. सर प्रेमळ असतात. ते म्हणतात, 'अगं, शुक्रवारी पेपर आहे ना? गडबड संपू दे, मी सातला येतो. मला नाही भीती वाटत.'

शहरात पाचचा क्लास सातवर नेला तर काही बिघडत नाही. इथे डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. सातला दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये गाडीचा एकच दिवा. क्लास संपवून सर परत जाणार ते आठला. म्हणून आपल्याकडे वेळ बदलायची तर ती उजेडात, नाहीतर दुसऱ्या दिवशी.

अशा वेळी 'बरं, बघा सर' म्हणू नका. त्याचा अर्थ 'या' असाच होतो. आवाज न चढवता तेच वाक्य पुन्हा म्हणा: 'सर, तुम्ही एवढं म्हणताय हेच खूप आहे. पण आज अंधारात नकोच. बॅलन्स शीटचं गणित मी आज स्वतः सोडवते, अडलं तिथे खूण करते. उद्या चारला या, तेवढंच आधी घेऊ.' पेपरची सरांची काळजीही यात मिटते.

ऐकलंच नाही तर फोन आईबाबांकडे द्या. गावाकडे मोठ्यांचा 'सर, आज नका येऊ' हा शब्द लगेच मानला जातो.

पैशांचं काय?

समजा महिन्याला बारा क्लास आणि फी ३००० रुपये. म्हणजे एका क्लासचे अडीचशे. क्लास बदलून झाला तर प्रश्नच नाही. पण सर निघून अर्ध्यातून परतले असतील, तर त्यांची संध्याकाळ आणि पेट्रोल दोन्ही गेलं. तेव्हा 'हा क्लास झाला असं धरा सर' हे आपणच म्हणावं. उलट सरांनी ऐनवेळी रद्द केला, तर 'तो कधी भरून काढायचा?' हेही तितक्याच सहज विचारावं.

पहाटे भरतीच्या सरावासाठी मैदानावर बोलावणाऱ्या ट्रेनर दादांनाही हेच लागू. 'दादा, उद्या पाचला नको. उजाडल्यावर साडेसातला येतो, राउंड पूर्ण मारतो,' एवढं रात्री झोपण्याआधी सांगितलं की पुरे. दादा चिडवतील, 'घाबरला का रे?' हसून म्हणायचं, 'हो दादा. साडेसातला भेटू.'