गृहकर्जाचा अर्ज फेटाळला जातो तेव्हा

गृहकर्जाच्या अर्जाची छाननी तीन ठिकाणी होते. अर्जदाराने आजवरची कर्जे कशी फेडली हे पतअहवालावरून पाहिले जाते, नवा हप्ता त्याच्या उत्पन्नात बसतो का याचे गणित मांडले जाते आणि जे घर तारण राहणार त्याची कागदपत्रे बँकेचा वकील व मूल्यांकनकार तपासतात. अर्ज यांपैकी कोणत्याही एका ठिकाणी अडू शकतो आणि प्रत्येक ठिकाणचा उपाय वेगळा असतो. म्हणून नकारानंतरचे पहिले काम म्हणजे तो नेमका कुठे मिळाला हे जाणून घेणे. कर्ज नाकारण्याची मुख्य कारणे अर्जदाराला लेखी कळवावीत, असे रिझर्व्ह बँकेचे बँकांना निर्देश आहेत. शाखेतून ‘वरून मंजूर झाले नाही’ एवढेच उत्तर मिळाले, तर लेखी अर्ज देऊन कारण मागावे.

बहुतेक जण याच्या उलट करतात. एका बँकेने नाही म्हटले की त्याच आठवड्यात दुसरीकडे आणि तिसरीकडे अर्ज जातो. प्रत्येक बँक अर्जदाराचा पतअहवाल मागवते आणि त्या मागणीची नोंद अहवालात तारखेसह राहते. थोड्या दिवसांत अशा चार-पाच नोंदी दिसल्या की हा माणूस पैशासाठी दारोदार फिरतो आहे, असा अर्थ निघतो आणि गुणांकही थोडा घसरतो. मूळ दोष मात्र जिथल्या तिथे राहतो. शिवाय प्रक्रिया शुल्क बहुधा परत मिळत नाही, ते दर वेळी नव्याने भरावे लागते.

भारतात पतअहवाल तयार करणाऱ्या चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा स्वतःचा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो, आणि स्वतः मागवलेल्या अहवालाचा गुणांकावर काहीही परिणाम होत नाही. गुणांक 300 ते 900 या दरम्यान असतो. लोक त्या आकड्यावरच थांबतात. पण कर्ज मंजूर करणारा अधिकारी आकड्याखालचा तपशील वाचतो, आणि अर्जदारानेही तोच वाचायला हवा. त्यात प्रत्येक कर्जाच्या आणि कार्डाच्या खात्यापुढे मागील 36 महिन्यांपर्यंतची महिनावार नोंद असते : हप्ता वेळेवर आला की उशिरा, आणि उशिरा असेल तर किती दिवसांनी. खात्याची सद्यःस्थितीही तिथेच लिहिलेली असते.

या स्थितीतील एक शब्द अनेकांना नडतो, तो म्हणजे ‘सेटल्ड’. क्रेडिट कार्डाचे 46,000 रुपये थकलेले असताना वसुलीवाल्यांशी बोलणी होतात आणि 20,000 रुपयांत प्रकरण मिटते. कार्डधारकाच्या दृष्टीने विषय संपलेला असतो. बँकेच्या हिशेबी मात्र 26,000 रुपये बुडालेले असतात आणि अहवालात तसेच दिसते. पुढची बँक ही नोंद थेट बुडीत कर्जासारखीच वाचते. पूर्ण फेडलेल्या खात्यापुढे ‘क्लोज्ड’ असा शब्द असतो. त्यामुळे उपाय सरळ असला तरी खर्चाचा आहे : मूळ बँकेकडे जाऊन उरलेली रक्कम भरायची, येणे बाकी नसल्याचा दाखला घ्यायचा आणि खात्याची स्थिती बदलून पतकंपन्यांना कळवावी असे लेखी सांगायचे. कित्येकदा बाकी अगदी किरकोळ असते. कधीही न वापरलेल्या कार्डाचे वार्षिक शुल्क वाढत वाढत थकबाकी बनते आणि पत्ता बदललेल्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो.

अहवालात चुकाही असतात. फेडलेले कर्ज चालू दिसते, सारख्या नावाच्या दुसऱ्याच माणसाचे खाते जोडले जाते किंवा पॅन क्रमांकात गोंधळ होतो. अशा वेळी पतकंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवून पुरावे जोडावेत आणि संबंधित बँकेलाही कळवावे. तक्रार 30 दिवसांत निकाली निघाली नाही, तर त्यापुढील प्रत्येक दिवसासाठी 100 रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण खरी असलेली नोंद कोणालाही पुसता येत नाही. पैसे घेऊन गुणांक ‘साफ’ करून देतो म्हणणाऱ्या दलालाच्या हातात याहून अधिक काही नसते. दोन वर्षांपूर्वी खरोखरच हप्ते चुकले असतील, तर त्यावर वेळेवर भरलेल्या पुढच्या हप्त्यांचा थर चढू देणे एवढाच इलाज आहे. दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांनी हेही पाहावे की ते कर्ज आपल्या अहवालात कसे दिसते; मूळ कर्जदाराने हप्ते थकवले, तर त्याची झळ जामीनदाराच्या अर्जालाही लागते.

ज्यांनी कधीच कर्ज घेतलेले नाही त्यांचा प्रश्न वेगळा. त्यांच्या अहवालात गुणांकच नसतो. पतइतिहास नाही एवढ्याच कारणाने पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेचे सांगणे आहे. तेव्हा नकाराचे कारण तेच दिले गेले, तर त्याचा आधार घेऊन फेरविचाराची मागणी करता येते.

पतअहवाल स्वच्छ असूनही बरेच अर्ज हप्त्याच्या गणितात अडकतात. सगळे चालू हप्ते आणि नवा हप्ता मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण निम्म्याच्या आत राहावेत, असा बँकांचा सर्वसाधारण ठोकताळा असतो. मोठ्या पगाराला तो सैल होतो, लहान पगाराला आवळला जातो. समजा, नाशिकमधील एका कर्मचाऱ्याच्या हातात दरमहा 60,000 रुपये येतात. दुचाकीचा हप्ता 4,500 आणि वैयक्तिक कर्जाचा 8,500, असे 13,000 रुपये आधीच जातात. त्याला 9 टक्के दराने 20 वर्षांसाठी 25 लाख रुपये हवे आहेत. त्याचा हप्ता सुमारे 22,500 रुपये पडतो. एकूण बोजा 35,500 रुपये, म्हणजे पगाराच्या 59 टक्के. अर्ज फेटाळला जातो.

इथे मुदत वाढवण्याचा विचार प्रथम सुचतो, पण त्याने फारसे साधत नाही. 25 वर्षे केली तरी हप्ता 21,000 रुपयांच्या आसपासच राहतो आणि बोजा 56 टक्क्यांच्या खाली जात नाही. व्याज मात्र पाच वर्षे जास्त भरावे लागते. कर्जाची रक्कम कमी करायची, तर 17,000 रुपयांच्या हप्त्यात जेमतेम 19 लाख बसतात. खरी वाट वैयक्तिक कर्जात आहे. त्याचे 11 हप्ते उरले असतील, तर बाकी मुद्दल 90,000 रुपयांच्या आतबाहेर असते. घरासाठी साठवलेल्या रकमेतून, मुदतपूर्व फेडीचे शुल्क विचारात घेऊन, ते आधी फेडले तर बोजा थेट 27,000 रुपयांवर, म्हणजे 45 टक्क्यांवर येतो. तोच पगार आणि तेच 25 लाख, पण आता अर्ज बसतो. कमावत्या पत्नीला किंवा पतीला सहअर्जदार करणे हा दुसरा मार्ग. मात्र मग सहअर्जदाराचा पतअहवालही तितकाच बारकाईने तपासला जातो, त्यामुळे तो आधी मागवून पाहिलेला बरा.

या गणितात क्रेडिट कार्डही धरले जाते. कार्डाची मर्यादा दर महिन्याला काठोकाठ वापरणाऱ्याचा गुणांक, बिल वेळेवर भरूनही, दबलेला राहतो. अर्जाआधीचे काही महिने वापर मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत ठेवला तर फरक दिसतो.

दुकानदार, रिक्षाचालक, छोटे कंत्राटदार यांची अडचण उत्पन्न दाखवण्याची असते. कमाई रोखीत येते, खर्चही रोखीत होतो आणि कर वाचवण्यासाठी विवरणपत्रात नफा कमी दाखवलेला असतो. बँक तोच नफा धरते. कर्जासाठी म्हणून दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे घाईने एकदम भरली, तर भरल्याच्या तारखा ते उघड करतात. या बाबतीत झटपट दुरुस्ती नाही. रोजची जमा बँकेत भरायला सुरुवात करून आणि किमान दोन वर्षांची विवरणपत्रे खऱ्या उत्पन्नासह वेळेवर भरूनच पुन्हा अर्ज करावा लागतो. बँक खात्याच्या उताऱ्यात परत गेलेले धनादेश किंवा न वटलेले हप्ते दिसत असतील, तर निदान सहा महिन्यांचा उतारा निर्दोष होईपर्यंत थांबणे श्रेयस्कर.

तिसऱ्या ठिकाणचा नकार सर्वांत जास्त गोंधळात टाकतो, कारण तिथे अर्जदाराचा काहीच दोष नसतो. नाकारलेले असते ते घर. बँकेचा वकील साधारणपणे 30 वर्षांचा मालकीचा शोध घेतो. महाराष्ट्रातील शहरांच्या कडेला हे वारंवार घडते. सात-बाऱ्यावर जमीन शेतीचीच असते, बिगरशेती परवानगी नसते. शेत गुंठ्या-गुंठ्याने विकलेले असते. जमीन भोगवटादार वर्ग 2 ची असून हस्तांतरणाची परवानगी घेतलेली नसते. मंजूर नकाशात तीन मजले आणि जागेवर चार, आणि म्हणून भोगवटा प्रमाणपत्र नाही. गुंठेवारीतील बांधकामे नियमित करून घेण्यासाठी 2001 चा कायदा आहे, पण ते काम विक्रेत्याने करायचे, आणि खरेदीदाराने ते होण्याआधी मोठी रक्कम गुंतवू नये. मधल्या व्यवहाराचा एखादा जुना करारनामा हरवला असेल, तर दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत आणि सूची क्रमांक दोन मिळवून बरेचदा साखळी जोडता येते. परवानगीच नसलेल्या मजल्यावर मात्र अर्जदाराकडे उपाय नाही, घर बदलणे हाच मार्ग.

कागद नीट असूनही किंमत कमी ठरू शकते. 30 लाखांपर्यंतच्या कर्जासाठी बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के देऊ शकते, त्याहून मोठ्या कर्जात हे प्रमाण आणखी उतरते. किंमत धरताना करारातील रक्कम आणि बँकेचे मूल्यांकन यांतील कमी असलेला आकडा घेतला जातो. घर 30 लाखांना ठरले आणि मूल्यांकन 27 लाख झाले, तर कमाल कर्ज 24 लाख 30 हजार होते, आणि मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च सहसा यात धरला जात नाही. म्हणून बयाणा देतानाच लेखी अट घालावी की कागदपत्रांतील दोषामुळे कर्ज नामंजूर झाल्यास ती रक्कम परत मिळेल.

दोष दूर झाल्यावर सहसा त्याच बँकेकडे जाणे सोयीचे पडते, कारण तिच्याकडे आधीची फाईल असते. नव्या अर्जासोबत काय बदलले हे सांगणारे छोटे पत्र, बंद केलेल्या कर्जाचा दाखला आणि दुरुस्त झालेला पतअहवाल जोडावा. खाते बंद केल्यावर ते अहवालात दिसायला काही आठवडे लागतात. त्याआधी केलेला अर्ज जुन्याच नोंदींवर तपासला जातो. बँकेने चुकीची नोंद कळवूनही 30 दिवसांत दुरुस्त केली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. कर्ज द्यावे की नाही, हा बँकेचा व्यावसायिक निर्णय मात्र लोकपालाच्या कक्षेबाहेर राहतो.