बाइट एक सांगतो, चित्र दुसरंच

1978 साली फिलिपिन्समधल्या बागियो शहरात अनातोली कार्पोव्ह आणि व्हिक्टर कोर्चनोय यांची बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदासाठी लढत झाली. एका डावात कार्पोव्हला खेळता खेळता योगर्टचा कप आणून दिला गेला आणि कोर्चनोयच्या गोटाने तक्रार नोंदवली. त्यांचं म्हणणं असं की कप कधी आला आणि त्यात काय होतं, यातून खेळाडूला गुप्त निरोप पोहोचवता येतो. त्याच लढतीत कोर्चनोयच्या खुर्चीत काही लपवलंय का हे पाहायला तिचा एक्स-रे काढला गेला. प्रेक्षकांत बसून रोखून पाहणाऱ्या मानसशास्त्रज्ञाची नजर परतवायला कोर्चनोय आरशाच्या काचांचा चष्मा लावून बसत असे.

गल्लीतल्या बुद्धिबळ मंडळावर मॉक्युमेंटरी, म्हणजे खऱ्या माहितीपटासारखी दिसणारी काल्पनिक विनोदी चित्रफीत लिहायची असेल, तर हे प्रकरण आधी वाचावं. बागियोतल्या एकाही माणसाला आपण विनोदी वागतोय असं वाटत नव्हतं. सगळे आपापल्या परीने तर्काला धरूनच वागत होते. तोच तर्क, तेवढ्याच प्रामाणिकपणे, सोसायटीच्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आणून बसवायचा. अतिशयोक्ती करावी लागत नाही, कारण खेळाची मूळ शिस्तच एवढी कडक आहे. आपण फक्त जागा बदलायची.

या प्रकाराची रचना दोन गोष्टींवर उभी असते. एक म्हणजे बाइट: माणूस खुर्चीत बसून, कॅमेऱ्याच्या जरा बाजूला बघत बोलतो आणि प्रश्न विचारणारा आपल्याला दिसत नाही. दुसरी गोष्ट कटअवे: बोलणं चालू असताना मध्येच दाखवलेलं दुसरं काहीतरी, म्हणजे हात, भिंतीवरचा फोटो, घड्याळ. खऱ्या माहितीपटात कटअवेचं एक मोठं काम झाकण्याचं असतं. वीस मिनिटांच्या मुलाखतीतली दोन वाक्यं जोडली की चेहरा मध्येच उडी मारल्यासारखा दिसतो. त्या सांध्यावर दुसरं चित्र ठेवलं की उडी दिसत नाही. मॉक्युमेंटरीत हेच झाकण भलतीकडे सरकतं आणि माणूस जे बोलला नाही ते उघडं पडतं.

म्हणून लिहिताना पानाचे दोन उभे भाग करावेत, डावीकडे आवाज आणि उजवीकडे चित्र. मग डावा भाग एकटा वाचून पाहायचा. तो सरळसोट माहितीपट वाटला पाहिजे. त्यातच हसू येत असेल तर पात्रं विनोद करायला लागली आहेत आणि आता चित्राला करण्यासारखं काही उरलेलं नाही. 1 एप्रिल 1957 रोजी बीबीसीच्या ‘पॅनोरामा’ कार्यक्रमात स्वित्झर्लंडमधल्या स्पॅगेटीच्या पिकाचा वृत्तांत दाखवला होता. रिचर्ड डिंबल्बी या भारदस्त निवेदकाचा आवाज अगदी नेहमीचा, शेतीच्या बातमीला शोभेल असा होता. पडद्यावर मात्र बायका झाडांवरून स्पॅगेटी तोडून टोपल्यांत भरत होत्या. कितीतरी प्रेक्षकांनी हे झाड कसं लावायचं याची चौकशी केली. डिंबल्बींच्या आवाजात जरा जरी मिश्किलपणा डोकावला असता, तर एवढे लोक फसले नसते.

आता प्रत्यक्ष एक सहा मिनिटांचं प्रहसन रचून पाहू. साधारण एका पानाला एक मिनिट धरतात, म्हणजे सहा पानं झाली. एवढ्यात एकच घटना मावते. मंडळाच्या वार्षिक स्पर्धेचा अंतिम डाव आहे. एका बाजूला निवृत्त झालेले अध्यक्ष, दुसऱ्या बाजूला पाचवीतली मुलगी. पंच आणि सचिव एकच गृहस्थ. चहाचा ग्लास उचलताना अध्यक्षांचा हात लागून त्यांचा घोडा आडवा पडतो. ते तो उभा करतात, पण बोटं घोड्यावर जरा जास्त वेळ रेंगाळतात. मुलगी म्हणते, “आजोबा, घोडा.”

भांडण खरं आहे, आणि ते तसंच असायला हवं. हालवायच्या इराद्याने ज्या मोहऱ्याला हात लावला तेच खेळायचं, हा नियम आहे. मोहरं घरात नीट बसवायचं असेल तर तसं आधी बोलून दाखवावं लागतं. अपघाताने लागलेला हात मोजत नाहीत. मग घोडा पडणं हा अपघात मानला, तरी बोटांच्या रेंगाळण्याचं काय? वर घोडा हलला की अध्यक्षांचा वजीर जातो. बुद्धिबळ खेळणाऱ्या वाचकाला इथे दोन्ही बाजू पटल्या पाहिजेत. नियमच चुकीचा लिहिला तर जाणकार तिथेच चित्राबाहेर पडतो. नियमांची काहीच माहिती नसलेल्यालाही कुणीतरी थापा मारतंय असं वाटायला लागतं.

पहिला सांधा असा:

अध्यक्षांचा बाइट: “आमच्या मंडळात भावनेला जागा नाही. नियम म्हणजे नियम.”

चित्र: भिंतीवरची नियमावली. सातव्या नियमावर पांढरा कागद चिकटवून वेगळ्या शाईत नवा नियम लिहिलाय. कागदाचं एक टोक पंख्याच्या वाऱ्याने उडतंय.

चिकटवलेल्या कागदावर काय लिहिलंय ते वाचता येऊ नये. वाचता आलं की तो फलकावरचा विनोद होतो आणि प्रेक्षकाची नजर अक्षरांत अडकते. चित्र बोलण्याच्या थोडंसंच विरोधात जावं. “आमच्याकडे पुष्कळ करंडक आहेत” या वाक्यावर करंडकांनी भरलेलं कपाट दाखवलं तर चित्र वाया गेलं. रिकामं कपाट दाखवलं तर लेखक आरडाओरडा करतोय. करंडक भरपूर आहेत पण सगळे कॅरमचे, एवढंच अंतर पुरेसं आहे.

दुसरा सांधा सचिवांचा. ते सांगतात, “त्या दिवसापासून आमचा अबोला आहे.” चित्रात दोघं एकाच स्कूटरवरून घरी निघालेत. मागे बसलेल्या अध्यक्षांच्या मांडीवर पटाची गुंडाळी आहे आणि दोघंही समोर बघतायत. हे सात-आठ सेकंद चालू द्यावं, सिग्नलला थांबून पुन्हा निघेपर्यंत. कटअवे अवघडलेला वाटतो तो बहुधा लांबीमुळे. माहिती दोन सेकंदांत कळते, आणि पुढचा वेळ प्रेक्षक त्या दोन माणसांबरोबर काढतो. बाइटचंही तसंच आहे. वाक्य संपल्यावर लगेच कापू नये. माणूस प्रश्नकर्त्याकडे बघतो, आणखी काही बोलायचंय का हे त्याला कळत नाही, शर्टाची गुंडी चाचपतो. ही जागा संहितेत ‘तीन सेकंद गप्प’ अशी स्पष्ट लिहावी, नाहीतर संकलनात पहिली कात्री तिथेच लागते.

आणि आता माझ्या मते या प्रहसनातली सगळ्यात मोलाची वस्तू, घड्याळ. डिजिटल घ्यायचं नाही, दोन तबकड्यांचं जुनं चावीचं घ्यायचं. त्यात वेळ बाराच्या आकड्यावर संपते. म्हणून वीस मिनिटांच्या डावाला दोन्ही काटे 5 वाजून 40 मिनिटांवर लावतात. चाल करून आपली कळ दाबली की आपलं घड्याळ थांबतं आणि समोरच्याचं सुरू होतं. शेवटच्या दोन-तीन मिनिटांत मिनिटकाटा एक छोटा लाल झेंडा उचलायला लागतो आणि बारावर पोहोचताच झेंडा खाली पडतो.

घोड्याचा वाद होतो तेव्हा चाल अध्यक्षांची आहे, म्हणजे घड्याळही त्यांचंच चालू आहे. त्यात 5:48 वाजलेत. सगळे तावातावाने उठून शेजारच्या खोलीत तीन सदस्यांची चौकशी समिती नेमायला जातात. घड्याळ थांबवायचं कुणाच्याच लक्षात येत नाही. समितीच्या बैठकीत अध्यक्षस्थानी कोण, इतिवृत्त कोण लिहिणार, चहाचा ग्लास पुरावा म्हणून ठेवायचा की धुवायचा, अशी चर्चा रंगते. प्रत्येक भाषणात एखादा सांधा झाकायचा म्हणून घड्याळाचं चित्र येतं: एकदा 5:52, मग 5:57, आणि आता झेंडा किंचित उचललेला. पहिल्या वेळी प्रेक्षक ते भरतीचं चित्र समजतो, कारण कटअवे म्हणजे भरती अशीच त्याची सवय झालेली असते. तिसऱ्या वेळी त्याला कळतं की गोष्ट या खोलीत नाही, बाहेर पटापाशी चाललीय. लेखकाला ही जाग हवी आहे. बाहेर मुलगी एकटी बसलीय आणि तिला हे केव्हाच कळलेलं आहे.

इथे एक घोळ हमखास होतो. चित्रीकरण क्रमाने होत नाही, आणि संकलनात 5:57 नंतर 5:52 आलं की सगळं कोसळतं. त्यामुळे घड्याळाची चित्रं शेवटी, एका बैठकीत घ्यावीत. काटे हाताने लावावेत आणि प्रत्येक चित्राची वेळ संहितेत त्या त्या सांध्यापाशी लिहून ठेवावी. अध्यक्षांच्या बाजूची कळ प्रत्येक चित्रात वर उचललेली दिसली पाहिजे. ती दाबलेली दिसली तर मुलीचं घड्याळ चालू आहे असा अर्थ होतो आणि कथाच उलटी होते.

शेवटावर मी बराच विचार केलाय. समिती ठराव करते की स्पर्श अपघाती होता आणि डाव पुढे चालू राहावा. सगळे विजयी मुद्रेने बाहेर येतात. मुलगी घड्याळ थांबवते आणि म्हणते, “आजोबा, झेंडा.” यानंतर अध्यक्षांनी आकांडतांडव केलं तर हशा मिळेल, पण आधीची पाच मिनिटं खोटी ठरतील. क्रिस्टोफर गेस्ट यांच्या 2000 सालच्या ‘बेस्ट इन शो’ या चित्रपटात कुत्र्यांच्या स्पर्धेला आलेली माणसं कितीही विचित्र असली, तरी त्यांचं आपल्या कुत्र्यांवरचं प्रेम चित्रपट खोटं पाडत नाही. अध्यक्षांच्या नियमनिष्ठेलाही तसंच वागवावं. ते झेंडा बघतात, घड्याळ हातात घेऊन पुन्हा बघतात, पंचांना बाजूला सारून स्वतःच निकाल जाहीर करतात आणि मुलीशी हात मिळवतात. गुणपत्रिकेवर सही करताना त्यांचा हात थरथरला तर तो नटाच्या मर्जीवर सोडावा.

मग त्यांचा अखेरचा बाइट येतो: “वेळ संपली होती. मी हरलो.” पुढे तीन सेकंद गप्प. या वाक्यावर कटअवे लावू नये. चित्र बोलण्याच्या विरोधात जाऊ शकेल असं इथे काही नाही, आणि पहिल्यांदाच कॅमेऱ्याने त्यांच्या चेहऱ्यावर थांबायला हरकत नाही.